पानाच्या कडेला तुटलेलं वाक्य

मैत्रिणीने पाठवलेले ९२ फोटो व्हॉट्सॲपवर येऊन पडले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. करवीर आणि कागल तालुक्यांतल्या गुऱ्हाळांवर तिने ११ मुलाखती घेतल्या होत्या: काही मालक, काही गूळ शिजवून उतरवणारे गुळवे, काही चुलवाणापाशी आणि घाण्यावर राबणारी माणसं. रेकॉर्डिंग ऐकून तिने प्रत्येक मुलाखत लांब वहीत शब्दशः उतरवून काढली होती. ‘उतरून झालं की आवाज पुसून टाकीन’ असा शब्द तिने त्या लोकांना दिला होता आणि तो पाळलाही होता. त्यामुळे वहीतली अक्षरं हीच काय ती शिल्लक होती, आणि वह्या तिच्याबरोबर गडहिंग्लजला गेल्या होत्या. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत बसून मला त्या पानांमधून आशयसूत्रं काढायची होती आणि प्रत्येकाखाली त्या माणसांचेच दोन-तीन ओळींचे उतारे द्यायचे होते. आशयसूत्र हा सरांचा शब्द. आम्ही आपलं थीमच म्हणतो.

पहिली अडचण साधी होती आणि तिनेच दोन दिवस खाल्ले. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची मूळ नावं जातात. सगळ्यांना `IMG-20240114-WA0031.jpg` अशी नावं पडली होती आणि त्यातला आकडा आमच्या पानांच्या क्रमाशी जुळत नव्हता. फोटो कधी काढला ती वेळही आत उरत नाही. वर चित्र दाबून लहान केलेलं, त्यामुळे बॉलपेनची फिकट मात्रा-वेलांटी पुसट झालेली. आणि मैत्रिणीने वहीवर पान क्रमांक घातलेलेच नव्हते. मी तिला फोन केला, "अगं, तेच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव." तसे आल्यावर नावात तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत दिसायला लागली, चित्रही स्पष्ट झालं. नावाप्रमाणे लावले की पानं ओळीने बसली. निदान मला तसं वाटलं.

मग प्रत्येक फोटोला पत्ता दिला. गुऱ्हाळाचा `G`, मुलाखतीचा क्रमांक, पानाचा `P`. `G03_P05.jpg` म्हणजे तिसऱ्या मुलाखतीचं पाचवं पान. उताऱ्याच्या पत्त्याला ओळही जोडायची होती, आणि तिथे एक बारीक निर्णय घ्यावा लागला: ओळ म्हणजे वहीची छापील रेघ. मधे रिकामी सोडलेली रेघही मोजायची. लिहिलेल्याच ओळी मोजत गेलं तर खोडलेली ओळ धरायची की नाही यावर दोन माणसांचे आकडे वेगळे येतात. रेघा कुणीही मोजल्या तरी तेवढ्याच भरतात.

त्यानंतर मी कुठलीही खूण न करता ९२ पानं नुसती वाचली. काही ठिकाणी वही शिवणीपाशी वळली होती आणि ओळीचा शेवटचा शब्द त्या खोबणीत गेला होता. काही पानांवर मोबाईलची सावली होती. असं अडलं की मी अंदाजाने शब्द भरला नाही, चौकटी कंसात प्रश्नचिन्ह घातलं. एका पानावर मी ‘मुळी काढायला येळ लागतोय’ असं वाचलं होतं. मैत्रिणीने वही बघून सांगितलं, ‘मळी’. उसाचा रस काहिलीत तापला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून वर येणारी घाण काढतात ती मळी. एका उकाराने ते वाक्य ऊस तोडणीकडे गेलं असतं. अशी सहा पानं तिने खिडकीपाशी, वही पूर्ण उघडून, पुन्हा काढून पाठवली.

मग उतारे निवडायला बसले. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने केले: पत्ता, उतारा, बोलणारा मालक की गुळवा की कामगार, मला त्यातून काय कळलं, आणि गट. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा असं ठरवलं होतं. पण मला राहवलं नाही. दहाव्या उताऱ्यालाच मी ‘बाजारभाव’, ‘मजूर’, ‘रंग’, ‘पाऊस’ अशी नावं टाकायला लागले आणि संध्याकाळपर्यंत १४० उतारे सात गटांत नीट बसले सुद्धा. इतकं सहज झालं म्हणून मीच जरा चपापले. सरांना दाखवलं. त्यांनी मैत्रिणीची प्रश्नावली मागितली आणि माझ्या गटांशेजारी ठेवली. प्रश्नावलीतही सात भाग होते, आणि नावं बहुतेक तीच.

"हे लोकांनी काय सांगितलं ते नाही," सर म्हणाले. "आपण काय विचारलं, ते आहे हे."

‘बाजारभाव’ या नावाखाली मालकाचं भाव चांगला मिळाल्याचं बोलणं आणि गुळव्याचं भावाशी आपला संबंधच नसल्याचं बोलणं शेजारी शेजारी पडलं होतं. दोघांनी भाव हा शब्द उच्चारला एवढंच त्यांच्यात सारखं. सरांनी एक कसोटी दिली ती मला अजून उपयोगी पडते: गटाचं नाव पूर्ण वाक्यात लिहून बघ, क्रियापदासकट. ‘बाजारभाव’ला क्रियापद लावायला गेले तर लागेना, कारण त्या गटाला काही म्हणायचंच नव्हतं.

सगळे उतारे मग छापून चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येक चिठ्ठीवर उतारा आणि खाली पत्ता. जिरो कावाकिता या जपानी मानवशास्त्रज्ञाने आपल्या क्षेत्रकार्याच्या नोंदी लावण्यासाठी अशीच चिठ्ठ्यांची पद्धत बसवली होती. तिचा गाभा हा की आधी चिठ्ठ्या जवळ आणायच्या आणि नाव सगळ्यात शेवटी द्यायचं. जी चिठ्ठी कुठेच जात नाही तिला एकटी राहू द्यायचं. मी सतरंजी गुंडाळली आणि फरशीवर चिठ्ठ्या मांडल्या. पंखा बंद ठेवावा लागला.

एक पुंजका लवकर जमला. तो इथे मांडते, कारण पुढची चूक त्याच्या शेजारीच झाली.

‘पिवळाधमक असला की चार जणं बोली लावत्यात. काळसर दिसला की हात लावून फुडं जात्यात.’ हे एका मालकाचं, मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याबद्दल. पत्ता `G02_P03`, ओळ ९–१०.

‘जमीन खारवट असली की गूळ काळपट येतोय. त्याला गुळव्या काय करणार?’ `G05_P06`, ओळ १४–१५.

‘रंग बिघडला की शिव्या मला. भाव चढला की नाव मालकाचं.’ `G09_P02`, ओळ २१–२२. हे बोलणाऱ्या मामांनी आयुष्यभर काहिलीपुढे उभं राहून पाकाची गोळी पाण्यात टाकून बघितली आहे. गूळ कधी उतरवायचा हे त्या गोळीवरून ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या.

या तीन चिठ्ठ्या माझ्या आधीच्या मांडणीत तीन वेगळ्या गटांत होत्या: बाजारभाव, जमीन, मजूर. आता त्या एकत्र आल्या आणि वाक्य आपोआप तयार झालं: ‘भाव रंगावर ठरतो, आणि रंग बिघडला की बोल गुळव्याला लागतो.’ याला क्रियापद आहे, शिवाय कुणी ते खोडूनही काढू शकतं. माझ्याकडे याच्या विरुद्ध जाणारा उतारा आहे का, हे मला शोधता आलं. एक सापडला, गुळव्याची बाजू घेणारा मालक, आणि तोही मी त्याच वाक्याखाली ठेवला.

शेजारच्या पुंजक्याला मी नाव दिलं होतं: ‘पावडर न घालता गूळ करणारे अजून आहेत.’ पावडर म्हणजे गुऱ्हाळावर ज्याला हायड्रॉस म्हणतात ते, सोडियम हायड्रोसल्फाइट. त्याने गूळ उजळ, पिवळा दिसतो. या पुंजक्यात तीन चिठ्ठ्या होत्या आणि मला त्या फार आवडल्या होत्या. सगळ्यात ठाम होती `G07_P04` ची, पानाची शेवटची ओळ:

‘आमी पावडर घालत न्हाई’

चार शब्द, शंकेला जागा नाही. मसुद्यात मी हाच उतारा सगळ्यात वर घातला होता.

आठवड्याने मी पत्ते तपासत बसले. प्रत्येक उताऱ्यासाठी मूळ फोटो उघडायचा, ती रेघ मोजायची, अक्षर न् अक्षर जुळवायचं. `G07_P04` ला आले आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की त्या वाक्यानंतर पूर्णविराम नाही. मैत्रीण पूर्णविराम न चुकता देते, अगदी ‘व्हय’ नंतरही. पुढचं पान उघडलं, `G07_P05`. ते ‘प्र.’ ने, म्हणजे तिच्या नव्या प्रश्नाने सुरू होत होतं. तसं बघितलं तर सगळं जागेवर होतं. पण शाईचा रंग वेगळा होता. चौथ्या पानावर निळी, पाचव्यावर काळी.

मी सातव्या मुलाखतीची सगळी पानं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावली. शेवटचं आठवं पान निळ्या शाईचं. त्याची पहिली ओळ होती:

‘असं म्हणणारा एक बी गुऱ्हाळवाला मला दाखवा. सगळी घालत्यात. बोलतंय कोण?’

फोटो काढताना मैत्रिणीकडून दोन पानं एकदम उलटली गेली होती. चूक लक्षात आल्यावर तिने सुटलेल्या पानाचा फोटो त्या मुलाखतीच्या शेवटी काढला. फाईलच्या नावातली वेळ अगदी खरी होती, पण ती फोटोची वेळ होती. पानाचा क्रम त्या नावाला ठाऊक नव्हता. आणि त्या माणसाने जे नाकारलं होतं, तेच मी त्याचं म्हणणं म्हणून माझ्या पानावर सर्वात वर छापलं होतं.

त्या संध्याकाळी मी काही काम केलं नाही. त्या माणसाने स्वतःच्या गुऱ्हाळावर बसून, चहा पाजून, विश्वासाने एक अवघड गोष्ट सांगितली होती. माझ्या मसुद्यात ती बरोबर उलटी झाली होती, आणि वाचणाऱ्याला ते कधीच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुंजक्यातल्या बाकीच्या दोन चिठ्ठ्यांकडेही मी संशयाने बघितलं. `G04_P02` ची चिठ्ठी ‘त्यात काय बी घालत न्हाई’ अशी होती. फोटोत ती ओळ दोन शब्द आधी सुरू होते: ‘घरच्याला ठेवतो, त्यात काय बी घालत न्हाई.’ इथे पान तुटलं नव्हतं. उतारा आटोपशीर व्हावा म्हणून मीच तो कापला होता आणि ‘त्यात’ म्हणजे कशात, हे फेकून दिलं होतं. तिसरी चिठ्ठी, `G01_P07`, मात्र खरी निघाली: ‘भेंडीच्या चिकावरच मळी काढतो. दुसरं काय न्हाई. म्हणून तर माझा गूळ लाल.’ पुढचं-मागचं पान वाचलं, शाई बघितली, अर्थ तोच राहिला.

म्हणजे तीन आधारांचं माझं सूत्र एका आधारावर आलं. ते मी मोडलं. `G07` आणि `G04` एकत्र ठेवल्यावर दुसरंच काही दिसलं आणि त्याला अजून दोन मुलाखतींतले उतारे येऊन मिळाले: ‘घरात खायचा गूळ वेगळा होतो, सौद्याला जाणारा वेगळा.’ प्रश्नावलीत हा प्रश्नच नव्हता. `G01` चा उतारा याच सूत्राखाली, वेगळा पडणारा आवाज म्हणून राहिला.

तेव्हापासून प्रत्येक पानाच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन ओळी मी वेगळ्या रकान्यात उतरवते. एका पानाचा शेवट पुढच्या पानाच्या सुरुवातीला मोठ्याने वाचून जोडून बघते. ९२ पानांना एक दुपार लागली. त्यात आणखी एक निघालं: दोन फोटो एकाच पानाचे होते, एक हललेला आणि एक नीट. दोन्हींवरून मी उतारे काढले होते, म्हणजे एकाच माणसाचं एकच वाक्य दोनदा मोजलं गेलं होतं. आणि उतारा पानाच्या पहिल्या किंवा शेवटच्या तीन रेघांत असेल तर पत्त्यापुढे एक फुली येते. फुलीचा उतारा शेजारचं पान उघडल्याशिवाय मसुद्यात जात नाही.

‘व्हय’ या शब्दाने वेगळा त्रास दिला. मैत्रीण विचारते, ‘हल्ली कामाला माणसं मिळत नाहीत, असं आहे का?’ आणि उत्तर येतं, ‘व्हय.’ मसुद्यात ‘माणसं मिळत नाहीत’ हे त्याच्या नावावर घालायचा मोह फार होतो. पण ते शब्द विचारणारीचे आहेत. होकार खरा असेल, पण तो उताऱ्यात मोडत नाही. असे नऊ होकार मी वेगळे काढले आणि त्या माणसांनी तीच गोष्ट आपणहून कुठे म्हटली आहे का ते शोधलं. चौघांनी म्हटली होती. एक कामगार ताई तर उलटंच म्हणाल्या होत्या, ‘माणसं हैत की. आदणाला देतोय किती ते बगा.’ आदण म्हणजे काहिलीची एक खेप, मजुरी त्यावर ठरते. ‘व्हय’ वर थांबले असते तर मजूर मिळत नाहीत असं लिहून मोकळी झाले असते.

शेवटी एक तक्ता केला. उभ्यात सूत्रं, आडव्यात ११ मुलाखती, आणि ज्या चौकोनात उतारा आहे तिथे टिंब. रंगाच्या सूत्राखाली सात उतारे होते, म्हणून मला ते सगळ्यात भक्कम वाटत होतं. तक्त्यात दिसलं की सातांपैकी चार एकट्या मामांचे, `G09` चे. मामा बोलतात सुरेख. प्रत्येक वाक्य उचलून घ्यावंसं वाटतं, आणि मी उचलत गेले होते. त्यांचे दोन ठेवले. जे अडखळत, तुटक बोलले होते त्यांची पानं पुन्हा वाचली आणि तिथून एक नवा उतारा मिळाला. तो सुरेख नाही, वाक्य अर्धवट आहे. तसाच ठेवला. बोलीही कुठे सुधारली नाही. ‘जात्यात’चं ‘जातात’ केलं तर ते शब्द त्या माणसाचे राहत नाहीत. गाळलेल्या जागी तीन टिंबं दिली, पण ‘न्हाई’, ‘पण’, ‘तर’ हे शब्द कधीच गाळायचे नाहीत असा नियम केला.

एक उतारा चांगला असूनही वगळावा लागला. त्यात नाव नव्हतं, पण गुऱ्हाळाची खूण अशी होती की गावातल्या कुणालाही माणूस लगेच कळला असता. आणि बोलणं पावडरीबद्दल होतं.

फरशीवर सगळ्यात शेवटी एक चिठ्ठी उरली. चुलवाणात चिपाडं घालणाऱ्या एका ताईंची: ‘जाळाम्होरं हुबी ऱ्हायली की पोराचं रडनं आयकायला येत न्हाई.’ सर म्हणाले, मजुरीच्या सूत्राखाली बसेल. मी ते पान पुन्हा उघडलं. आधीच्या दहा रेघांत मजुरीचा विषय नाही, नंतरही नाही. मैत्रिणीने विचारलं होतं, ‘काम कधी सुरू होतं?’ आणि त्यांनी हे उत्तर दिलं होतं. बाकीच्या दहा मुलाखतींत याच्याजवळ जाणारं एकही वाक्य नाही. सरांना तसं दाखवलं, त्यांनी मान हलवली. ती चिठ्ठी मसुद्याच्या शेवटच्या पानावर, कुठल्याही सूत्राखाली न घालता, आजूबाजूच्या चार रेघांसकट ठेवली आहे. `G11_P03`, ओळ १७.